सबसिडी जमा झाली, पण हप्ता तसाच: हिशेब कुठे तपासायचा?

प्रश्न: आम्ही जुलै २०१८ मध्ये नाशिकला फ्लॅट घेतला. १८ लाखांचं कर्ज, १५ वर्षं मुदत, ८.५ टक्के व्याज, हप्ता १७,७२५ रुपये. प्रधानमंत्री आवास योजनेची सबसिडी ११ मार्च २०१९ ला कर्जखात्यात जमा झाली, पण ती १,९४,९१६ रुपयेच आली. आम्हाला २,३५,०६८ मिळतील असं सांगितलं होतं आणि शेजाऱ्यांना तर २ लाख ६७ हजार मिळाले. हप्ता एक रुपयानेही कमी झाला नाही, आणि उताऱ्याच्या वर अजूनही शेवटचा हप्ता जुलै २०३३ असंच छापून येतं. तेव्हा दोघांचं मिळून उत्पन्न वर्षाला ११ लाख २० हजार होतं. २०२१ मध्ये वडील गेले, आता गावच्या पक्क्या घरावर माझं नाव लागलं आहे. त्यामुळे सबसिडी परत मागतील का? कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचा विचार आहे, म्हणून हे सगळं आत्ता उकरून काढलं.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: आधी रकमेचं पाहू, कारण तुमच्या मनात खरी अढी तिथेच बसली आहे. तुम्हाला आलेली रक्कम बरोबर आहे, अगदी रुपयापर्यंत. २,३५,०६८ हा आकडाही खोटा नाही, पण तो २० वर्षं मुदतीच्या कर्जाचा आहे. तुमचं कर्ज १५ वर्षांचं होतं.

तुमच्या उत्पन्नावर तुम्ही ‘एमआयजी-१’ म्हणजे मध्यम उत्पन्न गटाच्या पहिल्या पायरीवर बसता: वर्षाला ६ लाखांहून जास्त, १२ लाखांपर्यंत. या गटाला कर्जातल्या फक्त पहिल्या ९ लाखांवर ४ टक्के व्याजाची सवलत होती, आणि मुदत कर्जाची किंवा २० वर्षं, यातली जी कमी असेल ती धरायची. वरचे ९ लाख सवलतीच्या हिशेबात येतच नाहीत. तुम्ही १८ लाख घेतले असते काय किंवा ३० लाख घेतले असते काय, सबसिडी तेवढीच.

आता ९ लाखांवर ४ टक्के म्हणजे वर्षाला ३६ हजार, १५ वर्षांचे ५ लाख ४० हजार, मग दोन लाखांच्या आतच कसे आले, असा हिशेब बरेच जण करतात. त्यात दोन गोष्टी सुटतात. एक, मुद्दल दरमहा फिटत जातं, त्यामुळे सवलतीचं व्याजही दरमहा कमी होतं. दुसरी, ही सवलत दर महिन्याला न देता सरकार सगळी एकदम आज देतं, म्हणून पुढच्या प्रत्येक महिन्याच्या सवलतीची आजची किंमत ९ टक्के दराने काढली जाते. २०२९ सालच्या एखाद्या महिन्यात वाचणारे हजारभर रुपये २०१९ मध्ये हातात द्यायचे, तर ते हजार राहत नाहीत.

हे तुम्हाला घरीच ताडून पाहता येईल. एक्सेलच्या रिकाम्या चौकटीत हे सूत्र टाका:

```
=SUMPRODUCT(-IPMT(4%/12,ROW($1:$180),180,900000)/(1+9%/12)^ROW($1:$180))
```

उत्तर १,९४,९१६ येईल. १८०च्या जागी तिन्ही ठिकाणी २४० घातलं, की २,३५,०६८ येतात. तुम्हाला सांगणाऱ्याने जाहिरातीतला सर्वात मोठा आकडा सांगितला, मुदत विचारली नाही. ४०,१५२ रुपयांचा फरक एवढ्यामुळेच पडला. आता मुदत वाढवून घेतली तरी तो भरून निघणार नाही. बँक सरकारकडे सबसिडीची मागणी करते ती कर्ज वाटपाच्या वेळच्या मुदतीवर, नंतरच्या फेरबदलावर नाही. शेजाऱ्यांचे २ लाख ६७ हजार हे ६ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या गटाचे: ६ लाखांवर ६.५ टक्के, २० वर्षं. त्यांची पायरी वेगळी, तुमची वेगळी.

मी मात्र रक्कम जुळली एवढ्यावर थांबणार नाही, आणि तुम्हीही थांबू नका. तुमच्या मुदतीला एक गंमत आहे. १२ ते १८ लाख उत्पन्नाच्या ‘एमआयजी-२’ गटाला १२ लाखांवर ३ टक्के सवलत होती. त्याच १५ वर्षांना तिथे सुमारे १ लाख ९१ हजार येतात. म्हणजे गट चुकीचा टाकला गेला असता तरी रकमेत जेमतेम साडेतीन हजारांचा फरक पडला असता आणि कुणाच्या नजरेतही आला नसता. तुमच्या बाबतीत रुपयांपर्यंतचा आकडा एमआयजी-१ चाच आहे, म्हणजे बँकेने गट बरोबर धरलेला दिसतो. तरी pmayuclap.gov.in वर तुमचा अर्ज क्रमांक टाकून अर्जाची स्थिती पाहा आणि बँकेने केलेल्या सबसिडीच्या मागणीची प्रत मागून घ्या. तीत गट, उत्पन्न, कर्जाची रक्कम आणि मुदत या चार गोष्टी दिसल्या पाहिजेत.

आता हप्त्याचं. योजनेत अपेक्षित असं होतं की सबसिडी मुद्दलातून वजा व्हावी आणि त्यामुळे हप्ता कमी व्हावा. प्रत्यक्षात काही ठिकाणी हप्ता तोच राहतो आणि कर्ज लवकर संपतं. दोन्हींत सबसिडी वाया जात नाही. वाया जाते ती तिसऱ्याच प्रकारात, जेव्हा उताऱ्यावर जमा दिसते पण व्याज जुन्याच मुद्दलावर लागत राहतं. तुमच्याकडे यातलं काय झालं, हे हप्त्याच्या आकड्यावरून कळत नाही आणि उताऱ्याच्या माथ्यावरच्या तारखेवरून तर मुळीच नाही. माथ्यावरची तारीख मंजुरीच्या वेळची असू शकते. ती पुष्कळदा बदलायची राहून जाते. पाहायची ती व्याजाची ओळ.

मार्च ते मे २०१९ चा उतारा काढा. हप्ता ५ तारखेला जातो असं धरून मी आकडे मांडतो, तुमची तारीख वेगळी असेल तर थोडं पुढेमागे होईल. ५ मार्चचा आठवा हप्ता गेल्यावर शिल्लक मुद्दल १७,५९,१९९ च्या जवळपास असायला हवं. ११ तारखेला १,९४,९१६ जमा झाल्यावर ते १५,६४,२८३. एप्रिलच्या हप्त्यातलं व्याज मिश्र असेल: सहा दिवस जुन्या मुद्दलावर, उरलेले दिवस नव्यावर, म्हणजे सुमारे ११,३४७. खरी परीक्षा मे महिन्याची. तेव्हा मुद्दल १५,५७,९०५ झालेलं असेल आणि त्यावर ८.५ टक्क्यांनी महिन्याचं व्याज ११,०३५ येतं. तुमच्या उताऱ्यात मे महिन्यात असा आकडा दिसला, तर सबसिडी कामाला लागली आहे. तिथे १२,४२४ च्या आसपास काही दिसलं, तर बँकेने जमा नोंदवली पण व्याजाच्या हिशेबात धरली नाही. दोन आकड्यांत दरमहा जवळपास चौदाशे रुपयांचं अंतर आहे, त्यामुळे शंकेला जागा राहत नाही. पाच-दहा रुपयांच्या फरकाकडे दुर्लक्ष करा. कुणी दिवसावर व्याज काढतं, कुणी महिन्यावर.

व्याजाची ओळ बरोबर निघाली, तर हप्ता १७,७२५ च राहिल्याने तुमचं नुकसान झालेलं नाही, उलट फायदाच झाला. मुदत तीच ठेवली असती तर हप्ता ज्या प्रमाणात मुद्दल घटलं त्याच प्रमाणात घटला असता. १७,७२५ ला १५,६४,२८३ ने गुणून १७,५९,१९९ ने भागा, १५,७६१ येतात. दरमहा १,९६४ रुपये हाती राहिले असते आणि कर्ज जुलै २०३३ पर्यंत चाललं असतं. हप्ता तोच ठेवल्यामुळे त्या दिवशी उरलेले १७२ हप्ते सुमारे १३९ वर आले, म्हणजे दर बदलला नसता तर कर्ज २०३० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात संपलं असतं. तेहेतीस हप्ते वाचले. तुमच्या संमतीशिवाय हे ठरवलं, ही तक्रार रास्त आहे, पण पैशाची तक्रार नाही.

‘दर बदलला नसता तर’ हे मी मुद्दाम म्हणतो. तुमचं कर्ज बदलत्या दराचं असेल, तर मधल्या काळात दर खालीही गेले आणि वरही गेले. रिझर्व्ह बँकेने रेपो दर मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला, तेव्हा बहुतेक ठिकाणी हप्ता न वाढवता मुदत लांबवली गेली. सबसिडीने वाचलेल्या तेहेतीस हप्त्यांतले काही त्यात परत गेले असणार. ती सबसिडीतली चूक नव्हे, दराचा परिणाम. म्हणून आजच्या शिल्लक मुद्दलावरून सबसिडीचा हिशेब मांडायला बसू नका, गुंता होईल. सबसिडी तपासायची ती मार्च-एप्रिल-मे २०१९ च्या तीन ओळींत, आणि आज किती हप्ते उरले ते बँकेकडून नव्या परतफेड तक्त्यावर लिहून घ्यायचं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेल्या सूचनेनुसार, दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा पर्याय कर्जदाराला द्यावाच लागतो. तो तुम्ही आजही मागू शकता.

मे महिन्याची ओळ चुकलेली निघाली, तर शाखेत तोंडी वाद घालत बसू नका. उताऱ्याच्या त्या पानाची प्रत लावून एका पानाचं पत्र द्या: अमुक तारखेला अमुक रक्कम जमा, त्यानंतरचं मुद्दल इतकं, त्यावर व्याज इतकं अपेक्षित, लावलं इतकं, जमा तारखेपासून फेरहिशेब करून फरक मुद्दलात वळता करावा. पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल, तर राष्ट्रीय आवास बँकेचं तक्रार पोर्टल आहे.

त्याच पत्रात आणखी एक विचारून ठेवा: केंद्रीय नोडल संस्थेकडून बँकेला रक्कम मिळाल्याची तारीख. या योजनेत पैसे राष्ट्रीय आवास बँक किंवा हुडकोसारख्या नोडल संस्थेमार्फत कर्ज देणाऱ्या बँकेकडे येत. बँकेकडे रक्कम आली फेब्रुवारीत आणि तुमच्या खात्यात पडली ११ मार्चला, असं झालं असेल, तर मधल्या दिवसांचं व्याज तुम्ही विनाकारण भरलं. रक्कम फार नसते, पण ती कुणाची हे स्पष्ट आहे.

आता गावच्या घराची धास्ती. अट अशी होती की लाभ घेणाऱ्या कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. पण इथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. आईवडील त्यात येत नाहीत. २०१८ मध्ये घर वडिलांच्या नावावर होतं, तुम्ही प्रतिज्ञापत्रात ‘माझ्या कुटुंबाचं पक्कं घर नाही’ असं लिहिलंत, ते खरं होतं. वडील २०२१ मध्ये गेले, त्यानंतर वारस म्हणून नाव लागलं. लाभ घेऊन झाल्यावर वारशाने आलेल्या घरामुळे आधीचं खरं प्रतिज्ञापत्र खोटं ठरत नाही. कागद म्हणून वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा जुना व नवा उतारा एकत्र ठेवा, म्हणजे क्रम दिसेल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मी विचारतो: तुमच्या पत्नीच्या माहेरच्या घराचं काय? पुरुषमंडळी आपल्या गावचं घर शोधतात आणि बायकोच्या माहेरचं विसरतात. सासरे २०१८ च्या आधी गेले असतील आणि घर त्यांच्या नावावर असेल, आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलगी म्हणून पत्नीचा हिस्सा त्याच दिवशी लागू झाला, मालमत्ता पत्रकावर नोंद नंतर झाली असली तरी. तसं असेल तर मामला तुमच्या गावच्या घराइतका सोपा नाही. अशा वेळी प्रतिज्ञापत्राची प्रत आणि घराचे कागद घेऊन वकिलाला एकदा दाखवा. बँकेला आपणहून काही कळवायचं की नाही, ते त्यांच्या सल्ल्याने ठरवा. सासरे त्यानंतर गेले असतील किंवा हयात असतील, तर हा परिच्छेद विसरून जा.

बाकीच्या अटींत तुम्ही बसता असं दिसतं. एमआयजीला घरात स्त्रीचं नाव असण्याची सक्ती नव्हती, ती खालच्या उत्पन्न गटांना होती. चटईक्षेत्राची मर्यादा एमआयजी-१ ला १६० चौरस मीटर होती, मध्यमवर्गी फ्लॅट त्याच्या जवळपासही जात नाही. एक कागद मात्र नक्की पाहा. फ्लॅट बांधकाम चालू असताना घेतला असेल, तर घर पूर्ण झाल्याचा दाखला बँकेने पुढे पाठवायचा असतो: बांधकाम पूर्ण झाल्यापासून वर्षभरात किंवा पहिल्या वाटपापासून जास्तीत जास्त ३६ महिन्यांत. बांधकाम रखडलं तर सबसिडी परत घेऊन सरकारला द्यावी लागते. सबसिडी उलटवली जाण्याची जी भीती खरी आहे ती ही, गावच्या घराची नाही. २०२१ च्या आगेमागे उताऱ्यात सबसिडीएवढी रक्कम नावे पडलेली नाही ना, एवढं बघा. ताबा मिळाला असेल आणि ताबापत्र किंवा भोगवटा दाखल्याची प्रत बँकेला दिली नसेल, तर आजच देऊन पोच घ्या.

हेच पत्र वाचून सप्टेंबर २०२४ नंतर कर्ज घेतलेल्या कुणी आपला हिशेब यावरून करू नये. १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या शहरी आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्याचे नियम वेगळे आहेत: उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, त्यातल्या पहिल्या ८ लाखांवर १२ वर्षांपर्यंत ४ टक्के. रक्कम जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, आणि ती एकदम न येता पाच वार्षिक हप्त्यांत येते. तिथे शिल्लक मुद्दलाला वेगळंच महत्त्व आहे. प्रत्येक हप्ता सुटताना कर्ज चालू असावं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल फिटायचं बाकी असावं लागतं. बोनस आला म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांत मोठी रक्कम मुद्दलात भरून टाकणाऱ्याने ही रेषा आधी पाहावी, नाहीतर पुढचे सबसिडीचे हप्ते हातचे जातील. तुमच्या जुन्या योजनेत ही भानगड नव्हती, रक्कम एकदाच आली आणि विषय संपला.

राहता राहिलं कर्ज दुसरीकडे नेण्याचं. खुशाल न्या. नव्या बँकेत पुन्हा सबसिडी मागता येणार नाही, एवढंच. नवी बँक ‘आम्ही सबसिडीही करून देऊ’ म्हणाली, तर ती फक्त कर्ज विकायला बसली आहे हे ओळखा. जुन्या बँकेच्या फोरक्लोजर लेटरवरचं मुद्दल मे २०१९ ची ओळ तपासून झाल्यावरच मान्य करा, कारण खातं बंद झाल्यावर जुना फेरहिशेब करून घेणं फार जिकिरीचं होतं. आणि खातं बंद होण्याआधी पूर्ण उतारा पहिल्या दिवसापासूनचा घ्या. शिवाय सबसिडीची जमा, तारीख आणि अर्ज क्रमांक असलेलं पत्र बँकेच्या शिक्क्यासह घ्या. उद्या कुणी विचारलं, तर तेव्हा ही शाखा तुमचं खातं उघडूनही दाखवणार नाही.